उत्तर शंभरपट चुकतंय? आधी R कुठला घेतलाय ते पाहा

"सर, जम्बो सिलिंडरमध्ये ऑक्सिजन किती असतो हो? माझं उत्तर नव्वद ग्रॅम येतंय."

फोन माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा होता. तो आता सिलिंडर भरून देणाऱ्या एका ठिकाणी कामाला आहे. जम्बो म्हणजे दवाखान्यांबाहेर रांगेत उभे असतात ते उंच सिलिंडर. रिकामा असला तरी उचलायची सोय नाही, तिरका करून तळाच्या कडेवर फिरवत न्यावा लागतो. त्याच्या पोटात दीडशेचा दाब आणि वायू फक्त नव्वद ग्रॅम, हे त्यालाही पटत नव्हतं. पण तीनदा मांडून तीनदा तेच आलं होतं. सूत्र PV = nRT, तापमान केल्विनमध्ये, गुणाकार-भागाकार बिनचूक. मी एवढंच विचारलं, "R कुठला घेतलास?"

"८.३१४. तोच असतो ना?"

अकरावीपासून ते पदवीपर्यंत मला सर्वांत जास्त वेळा दाखवलेली चूक हीच. R ची किंमत कधीच चुकीची नसते, तिला सोबत चुकीची मिळालेली असते. ८.३१४ हा आकडा पास्कल आणि घनमीटर यांच्या सोबतचा. याने दाब घातला होता किलो प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये.

R चे इतके आकडे का, हे पाठ करून कळत नाही. एका खोक्यावरून कळतं. शून्य अंश सेल्सिअस म्हणजे २७३.१५ केल्विनला, एक अॅटमॉस्फिअर दाबाखाली, एक मोल आदर्श वायू २२.४१४ लिटर जागा व्यापतो. हे खोकं डोळ्यांसमोर ठेवा. R म्हणजे या खोक्याचा दाब गुणिले आकारमान, भागिले तापमान. मोल एकच आहे, म्हणून n चा प्रश्न नाही. आता हेच खोकं वेगवेगळ्या मापांनी मोजू.

दाब अॅटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये मोजलं तर १ × २२.४१४ ÷ २७३.१५, म्हणजे ०.०८२०६. दाब पास्कलमध्ये आणि आकारमान घनमीटरमध्ये मोजलं तर १०१३२५ × ०.०२२४१४ ÷ २७३.१५, म्हणजे ८.३१४. पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये तोच दाब ७६० होतो, लिटर तसेच ठेवले तर ७६० × २२.४१४ ÷ २७३.१५, उत्तर ६२.३६. खोकं तेच, वायू तोच, फक्त पट्टी बदलली. परीक्षेत R दिलेला नसेल आणि कुठला घ्यायचा ते आठवत नसेल, तर मी मुलांना हे खोकंच वापरायला सांगतो. दाब ज्या एककात दिलाय त्या एककात एक अॅटमॉस्फिअर किती होतो तेवढं माहीत असलं की तुमचा R तुम्ही स्वतः काढू शकता.

माझ्या विद्यार्थ्याच्या गेजवर किलो प्रति चौरस सेंटीमीटर होतं. एक अॅटमॉस्फिअर म्हणजे त्या पट्टीवर १.०३३२. मग त्याचा R झाला १.०३३२ × २२.४१४ ÷ २७३.१५, म्हणजे ०.०८४८. हा आकडा क्रमिक पुस्तकात सहसा दिसत नाही, पण त्याच्या गेजसाठी खरा R हाच.

इथे मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. ८.३१४ च्या पुढे जूल लिहिलेलं असतं आणि ०.०८२०६ च्या पुढे लिटर-अॅटमॉस्फिअर. एक ऊर्जेचं एकक आणि दुसरं दाब-आकारमानाचं, मग दोन्ही एकच स्थिरांक कसा? उत्तर असं की लिटर-अॅटमॉस्फिअर हेसुद्धा ऊर्जेचंच एकक आहे, त्याच्या नावावरून ते कळत नाही इतकंच. पास्कल म्हणजे न्यूटन प्रति चौरस मीटर. त्याला घनमीटरने गुणलं की न्यूटन-मीटर उरतं, आणि न्यूटन-मीटर म्हणजे जूल. दट्ट्या दाबाविरुद्ध सरकला की काम होतं, तेच हे. एक लिटर-अॅटमॉस्फिअर म्हणजे १०१.३२५ जूल. ०.०८२०६ ला १०१.३२५ ने गुणून पाहा, ८.३१४ येतं. याच जूलला ४.१८४ ने भागलं की कॅलरीतला R मिळतो, १.९८७. घरात एक किलो साखर आणि हजार ग्रॅम साखर असं दोन डब्यांवर लिहिलं तर आपण गोंधळत नाही. इथे गोंधळतो, कारण डब्यांवरची नावं फार वेगळी दिसतात.

आता सिलिंडरचं गणित पूर्ण मांडू.

जम्बो सिलिंडरची पाणी मावण्याची क्षमता ४६.७ लिटर. गेजवर १५० किलो प्रति चौरस सेंटीमीटर. दुपारची वेळ, तापमान ३० अंश. पहिली गोष्ट R ची नाही, पण ती सोडली तर पुढचं सगळं थोडं चुकतं. गेज बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो. सूत्राला निरपेक्ष दाब लागतो. म्हणून १५० मध्ये १.०३ मिळवायचे, झाले १५१.०३. इथे फरक पाऊण टक्काही नाही. पण गेज दोनवर आलेला असताना हीच बेरीज विसरलात तर उत्तर जवळजवळ एक तृतीयांशाने कमी येईल. तापमान ३०३.१५ केल्विन.

त्याच्या पट्टीत थेट: १५१.०३ × ४६.७ भागिले (०.०८४७८ × ३०३.१५). उत्तर २७४.४ मोल. ऑक्सिजनचे ३२ ग्रॅम प्रति मोल धरले तर ८.७८ किलो.

पटत नसेल तर सगळं एसआय एककांत नेऊन करा. एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे ९८०६६.५ पास्कल. कॅल्क्युलेटरपेक्षा लॅपटॉप जवळ असेल तर चार ओळी पुरतात:

```python
P = (150 + 1.033) * 98066.5   # Pa
V = 46.7 / 1000               # m^3
T = 30 + 273.15               # K
print(P * V / (8.314463 * T)) # mol
```

पुन्हा २७४.४. माझी स्वतःची सवय हीच आहे. कागदावर आकडे आले की सूत्रात घालण्याआधी ते पास्कल, घनमीटर, केल्विन, किलोग्रॅममध्ये नेऊन टाकायचे आणि R एकच ठेवायचा. रूपांतराची एक ओळ वाढते, पण चूक झालीच तर ती त्या ओळीत डोळ्यांना दिसते. मनातल्या मनात R निवडला तर ती कुठेच लिहिलेली नसते. काही शिक्षकांना हे लांबलचक वाटतं. बहुपर्यायी प्रश्न सोडवताना वेळ जातो हे खरंच आहे, तिथे वर सांगितलेलं खोकं बरं.

मग त्याचे नव्वद ग्रॅम आले कुठून? १५१.०३ × ४६.७ भागिले (८.३१४ × ३०३.१५) केलं तर २.८ मोल येतात. खरे २७४.४. भागून पाहा: ९८.०७. आणि एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर गुणिले एक लिटर म्हणजे बरोबर ९८.०७ जूल. चुकीने आपलं नाव तिथे लिहूनच ठेवलं आहे.

निदान करायचं ते असं. उत्तर चुकलंय आणि बरोबर उत्तर कुठून तरी माहीत आहे, पुस्तकाच्या मागे असेल किंवा दुसऱ्या पद्धतीने काढलं असेल, तर दोन्हींचं गुणोत्तर काढा आणि तो आकडा ओळखा. १०१.३ आला तर अॅटमॉस्फिअर-लिटर आणि जूल यांची अदलाबदल झाली आहे. बरोबर १०० आला तर बार-लिटर आणि जूल यांची. ४.१८ म्हणजे कॅलरी आणि जूल. ७६० म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर अॅटमॉस्फिअरच्या R सोबत घातले. १००० आला तर जरा थांबायचं, कारण त्याची तीन कारणं असू शकतात: लिटर आणि घनमीटर, ग्रॅम आणि किलोग्रॅम, नाहीतर किलोजूल आणि जूल. गुणोत्तर कुठल्याच ओळखीच्या आकड्याशी जुळत नसेल तर R ला दोष देऊ नका. बहुतेक वेळा तापमान सेल्सिअसमध्येच राहिलेलं असतं. आपल्या सिलिंडरमध्ये तसं झालं असतं तर ३०३.१५ भागिले ३०, म्हणजे १०.१ पट.

मोठ्या चुका या अर्थाने सोप्या असतात. नव्वद ग्रॅम ऐकूनच कान टवकारतात. मला भीती वाटते ती छोट्या चुकांची.

सोनाराकडे तोळा म्हणजे आज दहा ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजीच्या पाटल्या "चार तोळ्यांच्या" आहेत हे ऐकून आज हिशेब केला तर कुठला तोळा हे न विचारता पुढे गेलेला माणूस फसतो, कारण शब्द एकच आहे आणि आकडा जवळपासचा आहे. अॅटमॉस्फिअर, बार आणि किलो प्रति चौरस सेंटीमीटर यांचं असंच आहे. बोलताना तिघांनाही लोक सरळ "वातावरणाचा दाब" म्हणून टाकतात. एक अॅटमॉस्फिअर म्हणजे १.०१३२५ बार आणि १.०३३२ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. ०.०८२०६ आणि ०.०८३१४ हे R एकमेकांच्या जागी वापरले तर उत्तर १.३ टक्क्याने हलतं. किलोवाल्या गेजवर ०.०८२०६ वापरला तर ३.३ टक्क्याने.

प्रमाण तापमान-दाबाचा गोंधळ इथूनच येतो. शाळेत ऐकलेलं २२.४ लिटर हे एक अॅटमॉस्फिअरचं, ०.०८२०६ × २७३.१५. आयुपॅकने १९८२ साली प्रमाण दाब एक बार केला, तेव्हापासून त्या व्याख्येने हे आकारमान २२.७ लिटर आहे, ०.०८३१४ × २७३.१५. पर्यायांमध्ये २२.४ आणि २२.७ दोन्ही दिसले की प्रश्नात अॅटमॉस्फिअर लिहिलंय की बार, ते पुन्हा वाचायचं. अनेकांचा गुण इथेच जातो, आणि त्यात रसायनशास्त्र न येण्याचा काही संबंध नसतो.

सिलिंडरवर परत येतो, कारण पुढे एक मजा झाली. त्याच विद्यार्थ्याने चार दिवसांनी दुसरं गणित पाठवलं. आता ०.०८२१ घेतला होता, दाब मात्र किलो प्रति चौरस सेंटीमीटरमध्येच. उत्तर आलं २८३ मोल, सुमारे ९.०७ किलो. "सर, काट्यावर भरलेला आणि रिकामा यातला फरक नऊ किलोच्या थोडा वरच येतो. तुमच्या ८.७८ पेक्षा माझंच जवळचं आहे."

होतंही जवळचं. पण चुकीच्या कारणाने. ऑक्सिजन दीडशे बारला आदर्श वायू राहत नाही. त्या दाबाला आणि नेहमीच्या तापमानाला रेणूंमधल्या आकर्षणामुळे तो सूत्रापेक्षा थोडा जास्त दाबला जातो. त्याचा संपीड्यता गुणक, म्हणजे PV भागिले nRT, साधारण ०.९५ असतो. म्हणून खरे मोल २७४.४ भागिले ०.९५, म्हणजे सुमारे २८९, आणि वस्तुमान ९.२ किलोच्या आसपास. १५ अंश आणि एक अॅटमॉस्फिअरला हा वायू ६.८ घनमीटर होतो. बाजारात जम्बोला "सात घनमीटरचा" म्हणतात त्याच्याशी हे जुळतं. त्याच्या चुकीच्या R ने उत्तर ३.३ टक्क्यांनी वर ढकललं, आणि आदर्श वायूच्या सूत्रात राहिलेली पाच टक्क्यांची उणीव त्यात बरीचशी झाकली गेली. दोन चुका एकमेकींना सावरून उभ्या राहिल्या की गणित बरोबर वाटतं. सिलिंडर जवळजवळ संपू द्या, दाब दहावर येऊ द्या, तिथे संपीड्यता गुणक ०.९९ च्या वर जातो, झाकायला उणीवच उरत नाही आणि ही सावरासावर तुटते. म्हणून R बरोबर घेऊनही उत्तर मोजमापापासून दोन-पाच टक्के दूर असेल आणि दाब पन्नास-शंभर बारचा असेल, तर R बदलून जुळवाजुळव करू नका. तो फरक R चा नाहीच.

दाब-आकारमान नसलेल्या सूत्रांत R निवडायचा प्रश्न वेगळा होतो. तिथे लिटर नसतात, अॅटमॉस्फिअर नसतात, म्हणून मुलांना वाटतं की कुठलाही चालेल. रेणूंचा वर्गमध्यमूळ वेग घ्या, √(3RT/M). वेग मीटर प्रति सेकंद हवा असेल तर R जूलमध्येच आणि M किलोग्रॅममध्येच हवा, कारण जूलच्या पोटात किलोग्रॅम आणि मीटर आहेत. ३० अंशाला ऑक्सिजनसाठी ३ × ८.३१४ × ३०३.१५ भागिले ०.०३२, त्याचं वर्गमूळ ४८६ मीटर प्रति सेकंद.

M च्या जागी ३२ घातले तर १५.४ येतं. म्हणजे ताशी पंचावन्न किलोमीटर, एसटीचा वेग. आकडा इतका समजूतदार दिसतो की कोणी हरकत घेत नाही. पण हवेत आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जातो, आणि आवाज पोचवायचं काम याच रेणूंचं आहे. रेणू आवाजापेक्षा हळू असून चालणार नाही. ही एक कसोटी लावली की वेगाची अशी चुकीची उत्तरं बाहेर पडतात. इथे गुणोत्तर ओळखताना एक ध्यानात ठेवा: सूत्रात वर्गमूळ आहे, त्यामुळे हजारची चूक ३१.६ म्हणून दिसते आणि १०१.३ ची चूक १०.०७ म्हणून. उत्तर दहापट चुकलं म्हणजे दशांशचिन्ह सरकलं असं समजून मुलं तासभर आकडेमोड तपासत बसतात, आणि R मात्र ०.०८२१ घेतलेला असतो.

घातांकात R असेल तर हे निदान चालतच नाही. अऱ्हेनियसच्या समीकरणात R घातांकाच्या छेदात बसतो. सक्रियण ऊर्जा ५० किलोजूल प्रति मोल धरा आणि तापमान ३०० वरून ३१० केल्विनला न्या. ५०००० जूल आणि ८.३१४ घेतले तर घातांक ०.६४७ येतो, अभिक्रियेचा वेग १.९ पट होतो. ऊर्जा ५० च ठेवली, किलोजूल तसेच, तर वेग १.०००६ पट, म्हणजे तापवूनही काही घडलंच नाही. ऊर्जा जूलमध्ये आणि R कॅलरीतला १.९८७ घेतला तर पंधरापट. ४.१८४ ची चूक घातांकात शिरून बाहेर येताना जवळजवळ आठची झाली, आणि आठ पाहून कोणाला कॅलरी आठवणार? म्हणून अशा गणितात उत्तराकडून मागे जाण्यात अर्थ नाही. घातांक स्वतंत्र काढून लिहायचा आणि त्याची एककं पूर्ण कटतात का ते आधी बघायचं. घातांकाला एकक उरलं तर तिथेच थांबायचं.

इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलांसाठी शेवटचं, कारण त्यांचे फोन दुसऱ्या वर्षी येतात. औष्णिकीच्या पुस्तकात हवेसाठी R = २८७ दिसतं आणि त्यांना वाटतं, हे आणखी एक एकक. तसं नाही. ही राशीच वेगळी आहे. सार्वत्रिक R ला त्या वायूच्या मोलर वस्तुमानाने भागलेलं असतं, म्हणून तो मोलमागे नसून किलोमागे असतो आणि प्रत्येक वायूचा वेगळा असतो. ८.३१४ भागिले ०.०२८९७ म्हणजे हवेचे २८७. ऑक्सिजनसाठी ८.३१४ भागिले ०.०३२, म्हणजे २५९.८. मग सूत्र PV = mRT होतं आणि त्यातून मोल निघत नाहीत, थेट किलो निघतात. आपल्याच सिलिंडरसाठी १.४८१ कोटी पास्कल × ०.०४६७ भागिले (२५९.८ × ३०३.१५) केलं की ८.७८ किलो येतात, ३२ ने वेगळं गुणावं लागत नाही. गुणलंत तर सिलिंडरमध्ये २८१ किलो ऑक्सिजन निघेल. माझ्याकडे तेही उत्तर एकदा आलेलं आहे.